दुपारून बोर्ड मंदावतो, साफ केला की चालतो, चार दिवसांनी पुन्हा तेच: जिनिंगमधल्या जेट्सन ओरिन नॅनोचा माग

हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये मी गेल्या हंगामात एक कॅमेरा बसवला. काम साधं आहे. कापूस पट्ट्यावरून जिनकडे जाताना त्यात खताच्या पोत्याचे धागे, सुतळ्या, गुटख्याच्या पुड्या आल्या की ओळखायचं आणि दिवा लावायचा. पट्ट्याजवळ उभी असलेली बाई ते उचलून काढते. कॅमेऱ्याचं चित्र जेट्सन ओरिन नॅनो या एनव्हिडियाच्या छोट्या संगणक-बोर्डाच्या ८ जीबीवाल्या डेव्हलपर किटवर जातं आणि मॉडेल त्याच्यावर दिवसरात्र चालतं. किट लोखंडी पेटीत, पेटी पट्ट्याशेजारच्या खांबावर.

दिवाळीनंतर तीन महिने कुरकुर नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटाला फोन सुरू झाले.

"भाऊ, सकाळी चांगलं चालते, दुपारून दिवाच उशिरा लागते. पुडी पुढं निघून जाते अन् मंग दिवा लागते."

हे फिटर काका. त्यांनी स्वतःच उपायही शोधला होता: पेटी उघडायची, कॉम्प्रेसरची हवा मारायची, बंद करायची. चार दिवस ठीक. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मार्चच्या मध्यात चार दिवसांचे दोन झाले, आणि मी सामान घेऊन तिथे दोन दिवस मुक्काम टाकला.

धूळ साचते, बोर्ड तापतो, मंदावतो, एवढं न पाहताही कुणी सांगेल. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण तापमान तीन वेगळ्या ठिकाणी चढतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. मी आधी नेमका चुकीच्या ठिकाणी पैसे घालणार होतो, म्हणजे मोठा एक्झॉस्ट पंखा लावणार होतो. त्याने हाल आणखी वाढले असते.

आधी खात्री: हे उष्णतेचंच आहे का

पहिलं काम नोंद ठेवणं. बोर्डासोबत `tegrastats` येतं, ते दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये लिहायला लावलं आणि दिवसभर हात लावला नाही.

```
sudo tegrastats --interval 5000 --logfile /var/log/tegra.log
```

त्या लांबलचक ओळीतल्या तीनच गोष्टी इथे कामाच्या. `GR3D_FREQ` म्हणजे जीपीयू किती टक्के गुंतला आहे आणि `@` च्या पुढे किती मेगाहर्ट्झवर. `tj@` म्हणजे चिपवरच्या सगळ्या सेन्सरांपैकी सर्वांत गरम आकडा. `VDD_IN` म्हणजे बोर्ड एकूण किती मिलिवॅट ओढतो ते.

दुपारी अडीचच्या ओळी पाहिल्या. `tj` ९८-९९ वर चिकटून बसलेला, इकडे नाही तिकडे नाही. इथे फसायला होतं. आकडा हलत नाही म्हणजे सगळं स्थिर आहे असं वाटतं, पण त्याच ओळींत जीपीयूची घड्याळगती करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत होती: ९१८, मग एकदम अर्ध्याखाली, पुन्हा वर. चिप ९९ च्या आसपास पोचली की कर्नल घड्याळ खाली ओढतो, जराशी थंड झाली की सोडतो. तापमान सपाट आणि घड्याळाला दाते, ही उष्णतेने गळचेपी होत असल्याची खूण. तुमच्या बोर्डावर हद्द कितीची ते बोर्डालाच विचारा:

```
for z in /sys/class/thermal/thermal_zone*; do
  echo "$(cat $z/type) $(cat $z/temp 2>/dev/null)"
  cat $z/trip_point_*_temp 2>/dev/null
done
```

आकडे अंशाच्या हजाराव्या भागात येतात, ९९००० म्हणजे ९९ अंश. `cv` नावाचे झोन रिकामे दिसतील. तो भाग वापरात नसला की त्याचा सेन्सर वाचता येत नाही. मी पहिल्यांदा त्याच्यामागे अर्धा तास घालवला होता, तुम्ही घालवू नका.

नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने जरा गोंधळ केला. सकाळी आठला `tj` ८६ असतानाही घड्याळ अधूनमधून क्षणभर खाली जात होतं. ८६ ला उष्णतेचं कारण नाही. तिथे हा मोजणीदार पाहायचा:

```
grep . /sys/class/hwmon/hwmon*/oc*_event_cnt
```

यातला एक आकडा दर काही मिनिटांनी वाढत होता. हा करंट मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा आहे, उष्णतेचा नाही. मॉनिटर जोडला असेल तर पडद्यावर `System throttled due to over-current` असं येतं, पण पेटीतल्या बोर्डाला मॉनिटर कोण लावतो? म्हणजे दोन दुखणी एकत्र होती. दोघांचं मूळ एकच निघालं आणि ते माझंच होतं. त्याकडे येतो.

संध्याकाळी बोर्ड आपोआप रिस्टार्ट होतो, हीसुद्धा तक्रार होती. ते तिसरं प्रकरण. `journalctl -b -1 -n 30` मध्ये मागच्या सत्राच्या शेवटच्या ओळी पाहिल्या. उष्णतेने बंद पडला असता तर `critical temperature` अशी ओळ राहिली असती. इथे नोंद मध्येच तुटलेली, निरोप न घेता गेलेल्या पाहुण्यासारखी. वीज गेली होती. संध्याकाळच्या पाळीला प्रेसची मोटर चालू होते तेव्हा व्होल्टेज क्षणभर दबतं. मध्ये एक छोटा डीसी यूपीएस टाकला, ते मिटलं. या लेखात त्याचं पुन्हा नाव घेत नाही.

तीन आकडे आणि दोन फरक

आता खरी गोष्ट. दोरीला सेन्सर असलेली साधी डिजिटल तापमापकं मिळतात, माशांच्या टाकीला लावतात ती. दोन घेतली. एकाचा सेन्सर पेटीच्या बाहेर, खांबाच्या सावलीत लटकवला. दुसऱ्याचा पेटीच्या आत, बोर्डाचा पंखा जिथून हवा ओढतो तिथे, पण बोर्डाला न टेकता. तिसरा आकडा `tj`, तो बोर्ड देतोच.

या तिघांतून दोन फरक निघतात. पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम, हा पहिला. तो पेटीचा हिशेब: आत एकूण किती वॅट जळतात आणि पेटीची भिंत किती सोडते. चिप पेटीतल्या हवेपेक्षा किती गरम, हा दुसरा. तो हीटसिंक आणि पंख्याचा हिशेब. कोणता फरक वाढला ते कळलं की दोष कुठे आहे ते कळलं.

एक पथ्य मात्र पाळायचं: हे मोजमाप सकाळी घ्यायचं, बोर्ड मंदावलेला नसताना. दुपारी गळचेपी चालू असते तेव्हा बोर्ड वॅटच कमी ओढतो, त्यामुळे फरक आक्रसतात आणि दोष प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. पहिल्या दिवशी दुपारचे आकडे घेऊन माझा हिशेब जुळेना, त्याचं कारण हेच.

साफ केल्याच्या दिवशी सकाळी: बाहेर २६, पेटीत ४५, `tj` ७२. फरक १९ आणि २७. बोर्ड १७ वॅट ओढत होता.

त्याआधी, साफ करून चार दिवस झाले होते त्या सकाळी: बाहेर २७, पेटीत ४७, `tj` ८६. फरक २० आणि ३९. वॅट तेवढेच.

पेटीचा फरक जवळपास जागेवर आहे. हीटसिंकचा फरक २७ वरून ३९ वर गेला. म्हणजे चार दिवसांत जे बिघडलं ते हीटसिंकवर, पेटीच्या जाळीवर नाही. आणि हेच फरक दुपारच्या हवेवर चढवले की सगळी कहाणी उलगडते. मार्चच्या दुपारी पत्र्याखाली ४१ अंश होते. साफ केलेला असताना ४१ अधिक १९ अधिक २७, म्हणजे ८७. चालतो. चार दिवसांनी ४१ अधिक २० अधिक ३९, म्हणजे १००. मंदावतो. सकाळी २७ वर ८६ येतात, म्हणून सकाळी चालतो. चाराचे दोन दिवस का झाले तेही यात आहे: बाहेरची हवा चढली, तेवढी रुईला सवलत कमी राहिली.

मे महिन्यात पत्र्याखाली ४६ झाले तर काय, हे फिटर काकांनी विचारण्याआधीच मी बेरीज केली होती. तेव्हा साफ केलेला बोर्डही ९२ वर गेला असता. नुसती सफाई वाढवून हे सुटणारं नव्हतं.

पंख्याखालची गोधडी

पण काका तर दर चार दिवसांनी हवा मारत होते. मग हीटसिंक भरतो कसा?

बोर्ड बाहेर काढून टेबलावर ठेवला. वरून पाहिलं तर पंख्याची पाती स्वच्छ, कडांना थोडी पांढरी मिशी. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला आणि खाली रुईची गोधडीच निघाली. दोन-तीन मिलिमीटर जाड, करडी, पातळ नमद्यासारखी, हीटसिंकच्या पात्यांच्या डोक्यावर अगदी नीट अंथरलेली. चिमट्याने एका कोपऱ्यात धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात आली, आणि तिच्या खालच्या अंगावर पात्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या.

साध्या धुळीत आणि रुईत हा फरक आहे. धूळ पात्यांच्या मधे बसते आणि हवेने उडते. रुईचे तंतू लांब असतात. ते एका पात्यावरून दुसऱ्यावर आडवे पडतात, एकमेकांत गुंततात, आणि वरून हवा मारली की उडायच्या ऐवजी आणखी घट्ट दाबले जातात. काका इमानदारीने हवा मारत होते ती वरून, पंख्यातून, म्हणजे गोधडी थापत होते. चार दिवस आराम पडायचा तो कडेची रुई उडून बाजूने थोडी वाट मोकळी व्हायची म्हणून.

म्हणून रुईत बोर्ड साफ करायचा तर पंखा काढायचाच. गोधडी चिमट्याने उचलायची, मग हवा बाजूने, पात्यांच्या रांगेच्या दिशेने. पंखा जागेवर असताना हवा मारायचीच झाली तर पातं काडीने अडवून धरा. कॉम्प्रेसरच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या गतीच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग जातं; एक मी असा घालवला आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही आधी सोडून द्यायचं.

पंखा थकला आहे का ते बोर्डावरूनच कळतं:

```
grep . /sys/class/hwmon/hwmon*/pwm1
grep . /sys/class/hwmon/hwmon*/rpm
```

`pwm1` २५५ म्हणजे बोर्ड पंख्याला पूर्ण जोर लावायला सांगतो आहे. त्या वेळी `rpm` किती ते नवीन असताना लिहून ठेवा. पुढे २५५ वरच फेरे घसरले तर दांड्याभोवती तंतू गुंडाळले गेले आहेत.

गोधडी काढल्यावर दुसरा फरक २५ वर आला, काकांच्या सफाईनंतरच्या २७ पेक्षाही खाली.

मोठा एक्झॉस्ट का नको

जुनी पेटी ३० बाय २५ बाय १५ सेंटिमीटरची, बाजूला जाळी आणि एक छोटा एक्झॉस्ट पंखा. माझा पहिला विचार मोठा एक्झॉस्ट लावायचा होता.

जाळीवर फिल्टरचा स्पंज होता. दोन दिवसांत त्यावर इतकी रुई चढायची की त्यातून वारा जाणं बंद. मी तोंडाजवळ धरून फुंकून पाहिलं, पलीकडे काही लागेना. म्हणजे हवेशीर म्हणून घेतलेली पेटी दोन दिवसांनंतर बंद पेटीच होती. हिशेबही तेच सांगतो. रंगवलेल्या लोखंडी पेटीची भिंत दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण साडेपाच वॅट सोडते. खांबाला टेकलेली मागची बाजू वगळून या पेटीचं उघडं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर, म्हणजे दर अंशाला १.३ वॅट. आत जळत होते बोर्डाचे १७, पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारे ३ आणि कॅमेऱ्याच्या पीओई स्विचचे ४, मिळून २४. चोवीसाला १.३ ने भागा, १८ अंश. मोजलेला फरक १९-२० होता. हवा खेळतच नव्हती.

मग एक्झॉस्ट काय करत होता? आतली हवा बाहेर ओढून पेटीत किंचित पोकळी तयार करत होता, आणि बंद जाळीऐवजी वायरींच्या भोकांतून, दाराच्या फटीतून रुई आत शोषत होता. मोठा पंखा म्हणजे मोठी शोषणी. पेटी एवीतेवी बंद पडतेच, तर ती नीट बंद करून मोठी घ्यावी, हा निर्णय तिथे झाला.

नवी पेटी ५० बाय ४० बाय २० ची, पावडर कोटिंग केलेली, दाराला रबर, वायरी ग्लँडमधून. उघडं क्षेत्रफळ ०.५६, म्हणजे दर अंशाला ३ वॅट. प्लास्टिकची पेटी गंजत नाही म्हणून दुकानदार देऊ करत होता, पण प्लास्टिकची भिंत याच्या दोन-तृतीयांश इतकीसुद्धा उष्णता सोडत नाही. पॉवर सप्लाय वेगळ्या छोट्या पेटीत, खाली. आणि नवी पेटीही खांबावर छातीच्या उंचीला आणली. जुनी वर, पत्र्यापासून चार हातांवर होती, आणि मार्चच्या दुपारी तिथला पत्रा हात लावू देत नाही.

एक पंखा पेटीच्या आत ठेवला आहे, पण तो बाहेर फेकणारा नाही. तळाशी बसून हवा फिरवत राहतो. नाहीतर बंद पेटीत गरम हवा वरच्या कोपऱ्यात साचते आणि भिंतीचा खालचा अर्धा भाग काही काम करत नाही.

वॅट कुठे जात होते

पेटीपेक्षा मोठा फायदा इथे झाला, आणि चूक माझी होती म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जानेवारी २०२५ मध्ये बोर्डाच्या सिस्टीमची नवी आवृत्ती, जेटपॅक ६.२, आली आणि ओरिन नॅनोला २५ वॅटचा मोड आणि त्यावर `MAXN_SUPER` मिळाला. आधी जीपीयू ६२५ मेगाहर्ट्झच्या आसपास थांबायचा, आता १०२० पर्यंत जातो. फुकट मिळतंय म्हटल्यावर मी बसवतानाच २५ चा मोड लावून टाकला. वर, कुठल्याशा ट्यूटोरियलमधून उचललेली `jetson_clocks` ही ओळ सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातली.

पॉवर मोड म्हणजे नक्की काय हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. तो कोर किती चालू आणि घड्याळं कमाल किती याची चौकट ठरवतो. २५ चा मोड लावला म्हणजे बोर्ड २५ वॅट ओढतोच असं नाही, माझा १७ ओढत होता. `jetson_clocks` त्या चौकटीतली घड्याळं कमालीवर खिळवून टाकतं. मग जेवणाच्या सुट्टीत पट्टा थांबलेला, चित्रात काही नाही, तरी घड्याळं खाली येत नाहीत आणि पेटी तापत राहते. मोजमाप करायला, दोन मॉडेलांची वेगाची तुलना करायला ते चांगलं आहे. पेटीत बारा महिने चालवायला नाही. ती ओळ काढली.

मग मोड. आधी काय आहे आणि काय काय मिळतं ते पाहायचं:

```
sudo nvpmodel -q
sudo nvpmodel -p --verbose
sudo nvpmodel -m 0
```

माझ्या बोर्डावर ० म्हणजे १५ वॅटचा मोड. जेटपॅकच्या आवृत्तीप्रमाणे क्रमांक बदलतात, तेव्हा दुसरी ओळ चालवून नाव पाहिल्याशिवाय तिसरी चालवू नका. काही बदलांना बोर्ड रिस्टार्ट मागतो. करंटचा तो मोजणीदार १५ च्या मोडवर आल्यापासून जागचा हललेला नाही. सकाळचे झटके २५ च्या मोडचे होते.

सात वॅटचा मोडही लावून पाहिला. फारच थंड, पण सहापैकी चारच कोर चालू राहतात आणि सीपीयू गुदमरला. कारण मजेशीर आहे. ओरिन नॅनोवर व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअर नाही, आणि मी पुडी दिसली की दहा सेकंदांची क्लिप साठवत होतो. ती क्लिप सीपीयू घाम गाळून बनवत होता. मालकांना विचारलं, क्लिप कुणी पाहतं का?

"कोण पाहते जी! फोटो असला तं दाखवता येते गाडीवाल्याले."

क्लिप बंद, जेपीजी फोटो चालू. सीपीयूचा भार लगेच उतरला. तरी सातच्या मोडला गेलो नाही. पुढे दुसरा कॅमेरा जोडायचं चाललं आहे, थोडी जागा हवी.

आणि सगळ्यात मोठी उधळपट्टी फ्रेमची. कॅमेरा २५ फ्रेम देत होता आणि बोर्ड जमतील तेवढ्या चघळत होता, थंड असताना सेकंदाला २४. गरज किती? कॅमेऱ्याला पट्ट्याचा अर्धा मीटर दिसतो, पट्टा सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकतो. म्हणजे पुडी चित्रात एक सेकंद राहते. एका वस्तूवर पाच-सहा नजरा पडल्या तरी मॉडेल खात्रीने सांगतं. दहा फ्रेम भरपूर झाल्या. हे दहा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच ठेवायचे. बोर्डावर आल्यावर जादाच्या फ्रेम फेकून दिल्या तर त्या उलगडण्याचं काम झालेलंच असतं.

दुपारी दिवा उशिरा का लागायचा तेही इथे कळलं. नुसता वेग कमी झाला असता तरी ९ फ्रेममध्ये काम भागलं असतं. पण कॅमेरा २५ पाठवतो आणि बोर्ड ९ उपसतो, म्हणजे रांग साचत जाते आणि बोर्ड दोन-तीन सेकंद जुनं चित्र पाहत बसतो. तोवर पुडी जिनच्या तोंडाशी. आता रांगेत एकच फ्रेम ठेवली आहे. नवी आली की जुनी जाते.

हे सगळं मिळून बोर्ड १७ वरून साडेआठ वॅटवर आला. दिवा वेळेवर लागतो. काकांच्या लेखी "मशीन जोरात चालाले लागली", आणि मी घड्याळ कमी केलंय हे सांगून त्यांचा विश्वास डळमळीत केला नाही.

नंतरचे आकडे

आता पेटीत जळतात बोर्डाचे साडेआठ आणि स्विचचे ४, साडेबारा. भिंत दर अंशाला ३ सोडते, म्हणजे चार अंश फरक यायला हवा. मोजला तर ६. कागदावरचा हिशेब एवढा चुकतो. भिंतीवर बाहेरून बसलेली रुईही त्याला कारण आहे. दुसरा फरक १४. तीन आठवड्यांनी न उघडता मोजला तेव्हा १५. एका अंशाचा हा बदल तापमापकाच्या चुकीतही बसतो.

एप्रिलच्या शेवटी, हंगाम संपायच्या आठवड्यात, पत्र्याखाली ४५ होते. `tj` ६६. घड्याळाला दाते नाहीत.

एक सांभाळणी सॉफ्टवेअरमध्ये ठेवली आहे. मॉडेलची स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी `tj-thermal` झोनचं तापमान वाचते आणि ८५ च्या वर गेलं तर एकाआड एक फ्रेम सोडते, ७८ ला परत येते. मधलं अंतर मुद्दाम ठेवलं आहे, नाहीतर ती ८५ वरच उघडझाप करत बसते. झोनचा क्रमांक स्क्रिप्टमध्ये पक्का लिहू नका, `type` वाचून शोधा. सिस्टीम अपडेट झाली की क्रमांक बदलू शकतात. चालू कामात पॉवर मोड बदलायचा खटाटोप मी करत नाही, रिस्टार्ट मागितला तर दिवाच जातो. सांभाळणीची ती ओळ लागली की माझ्या फोनवर संदेश येतो. अजून एकदाच आला. गेलो तर कुणीतरी पेटीच्या डोक्यावर दुपट्टा आणि जेवणाचा डबा ठेवला होता.

काकांकडे आता कॉम्प्रेसरचं काम नाही. पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे: बाहेर, पेटीत, चिप, दोन फरक. सोमवारी सकाळी पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने लिहायचे. पेटीत बघायला दार उघडावं लागू नये म्हणून तापमापकाचे डबे बाहेर आहेत आणि `tj` चा आकडा दिव्याशेजारच्या छोट्या डिस्प्लेवर येतो. पहिला फरक १० च्या वर गेला तर पेटी बाहेरून पुसायची, आतला पंखा फिरतो का कान लावून ऐकायचं. दुसरा २० च्या वर गेला तर मला फोन.